ताटात उरलेल्या अन्नाचा हिशेब

शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचा खर्च वाढला की बैठक बसते आणि वाद ठरल्यासारखा दोन बाजूंनी सुरू होतो. हिशेब सांभाळणारे म्हणतात, दर ताटामागे इतकेच पैसे आहेत, त्यात बसवा. आहारतज्ज्ञ म्हणतात, एवढ्या पैशात प्रथिनं आणि ऊष्मांक पूर्ण होत नाहीत, दर वाढवा. मग कुणीतरी मधला मार्ग काढतं: दूध कमी करा, डाळीत पाणी वाढवा, भाताचा डाव मोठा घ्या, म्हणजे पोट भरेल आणि तक्ताही जुळेल. मी आहारतज्ज्ञ म्हणून अशा पुष्कळ बैठकांना बसले आहे, दुसऱ्या बाजूने तावातावाने भांडलेही आहे. आज मला वाटतं की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या आकड्यावर भांडतात. तो आकडा म्हणजे ताटात वाढलेलं अन्न. तुटपुंज्या पैशात पोषण बसवायचं असेल तर आधी पोटात गेलेलं अन्न मोजलं पाहिजे. ते मोजल्याशिवाय दर पुरेसा आहे की अपुरा, हे सांगण्याचा अधिकार दोघांपैकी कुणालाच नाही.

दोन्ही बाजूंचं खरं आहे ते आधी मान्य करते. पैशाला एक तळ असतो. त्याखाली कितीही कसबी आचारी आणा, ताट निकसच राहणार. आणि तिथे असलेल्या संस्थेला नियोजनाचे धडे देणं हा अन्याय आहे. दुसरं, स्वस्तात पोषण बसवता येतं हे हिशेबवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही. 1945 साली जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 77 खाद्यपदार्थ आणि 9 पोषकद्रव्यं घेऊन विचारलं की एका माणसाची वर्षाची गरज कमीत कमी किती पैशात भागेल. उत्तरात उरले पाचच पदार्थ: गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा. दोन वर्षांनी हेच गणित नव्या पद्धतीने काटेकोर सोडवलं गेलं. हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर नऊ जणांचे मिळून सुमारे 120 दिवस त्यात गेले, आणि स्टिग्लरचा अंदाज जवळपास अचूक निघाला. म्हणजे पोषण महागच असतं, हा आम्हा आहारतज्ज्ञांचा लाडका समज गणिताने केव्हाच खोडला आहे. पण हा आहार कुणालाही सुचवण्यासारखा नाही, हे स्टिग्लरने स्वतःच लिहून ठेवलं होतं. बारा महिने पीठ, कोबी आणि घेवडा कोण खाणार? गणितात हा प्रश्न नव्हता, कारण ताटात पडलं ते पोटात गेलं असं त्यात गृहीतच धरलेलं होतं. आजही आपले तक्ते तेच गृहीत धरतात.

हे गृहीतक किती महागात पडतं, याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण जपानी आरमाराचं आहे. 1880 च्या आसपास तिथले खलाशी बेरीबेरीने पाय सुजून, हृदय थकून मरत होते. 'रियुजो' या जहाजाच्या 1882-83 च्या लांबच्या सफरीत 376 जणांपैकी 169 जण आजारी पडले आणि 25 दगावले. ताकाकी कानेहिरो या आरमारी डॉक्टरने जेवणाकडे बोट दाखवलं. खलाशांना भातासोबतच्या पदार्थांसाठी पैसे मिळत, पण बरेच जण ते साठवून घरी पाठवत आणि नुसत्या पांढऱ्या भातावर राहत. कागदावर जेवणाची तरतूद होती, पोटात नव्हती. ताकाकीने 1884 मध्ये 'त्सुकुबा' हे जहाज जवळपास त्याच मार्गाने पाठवलं, आणि या वेळी पैशांऐवजी मांस, आटवलेलं दूध, पाव असं अन्नच दिलं. एकही मृत्यू झाला नाही. आजारी पडले ते पंधराच्या आसपास, आणि त्यांतल्या बहुतेकांनी नवं मांस किंवा दूध तोंडाला लावलंच नव्हतं. पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. पाव खलाशांना आवडत नाही, हे पुन्हापुन्हा दिसल्यावर आरमाराने त्यांच्यावर पावाची सक्ती वाढवत नेली नाही. 1885 पासून त्यांच्या ओळखीच्या भातातच बार्ली मिसळायला सुरुवात झाली. ताकाकीचं शास्त्र अर्धवट होतं. त्याला ही प्रथिनांची उणीव वाटत होती, आणि ज्याच्या अभावी बेरीबेरी होतो ते थायमिन हे जीवनसत्त्व सापडायला अजून बराच काळ होता. तरी माणसं वाचली, कारण कोण काय खातो आणि काय टाकतो याच्याकडे त्याचं लक्ष होतं.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. रुग्णालयातलं दुपारचं जेवण घेते आणि सोपेपणासाठी फक्त प्रथिनांचा हिशेब मांडते. समजा, ताटाचा एकूण खर्च 100 भाग आहे. त्यातले 20 भाग तांदळाला, 30 डाळीला, 35 भाजीला आणि 15 दह्याला जातात. तांदूळ कच्चा 100 ग्रॅम, डाळ कच्ची 40 ग्रॅम, भाजी 100 ग्रॅम, दही 50 ग्रॅम. प्रथिनं धरली तर तांदळातून 7, डाळीतून साडेनऊ, भाजीतून 2 आणि दह्यातून पावणेदोन ग्रॅम मिळतात. बेरीज 20 ग्रॅमच्या किंचित वर जाते. दुपारच्या जेवणाचं लक्ष्य 20 असेल तर तक्ता पास, सही झाली, फाइल बंद.

पण समजा कुणी परत आलेली ताटं पाहिली. भाताचा एक तृतीयांश भाग उरलेला, पातळ डाळ दोन पंचमांश उरलेली, भाजी निम्मी, दही मात्र चाटूनपुसून संपलेलं. आता पोटातली प्रथिनं मोजा: भातातून साडेचारच्या वर, डाळीतून पावणेसहा, भाजीतून 1, दह्यातून पावणेदोन. मिळून 13 ग्रॅम. संस्थेने पैसे 20 ग्रॅमचे मोजले आणि रुग्णाला 13 मिळाले. हा फुगवलेला आकडा नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या रुग्णालयात असं मोजमाप झालं आणि 2000 साली ते प्रसिद्ध झालं. तिथे वाया जाणारं अन्न 40 टक्क्यांहून जास्त निघालं. स्वयंपाकघरातून गरजेपुरतं अन्न बाहेर पडत होतं, तरी रुग्णांच्या पोटात ऊर्जा आणि प्रथिनं शिफारशीच्या 80 टक्केही जात नव्हती. अशा वेळी दर वाढवून मागणारी मी काय मागत असते? जास्त भरलेली उष्ट्याची बादली!

तेच 100 भाग वेगळे वाटून पाहू. तांदूळ 70 ग्रॅमवर आणला, खर्च 14 भाग. डाळ तितकीच 40 ग्रॅम, पण पाणी कमी करून घट्ट, वाटी लहान. खर्च तोच 30. भाजी 70 ग्रॅम, खर्च साडेचोवीस. दही दुप्पट केलं, 30 भाग. उरलेल्या दीड भागाचं तेल डाळीच्या फोडणीत गेलं. बेरीज पुन्हा शंभरच. कागदावर प्रथिनं आता 19 ग्रॅमच्या जरा वर येतात, म्हणजे 20 च्या लक्ष्याला कमी, आणि तपासणीत हा तक्ता नापास होईल. पण भात एक दशांशच उरला, घट्ट डाळ सातवा हिस्सा उरली आणि भाजी पाव उरली, असं धरलं तर पोटात जवळजवळ 17 ग्रॅम जातात. त्याच पैशात चार ग्रॅम जास्त. 20 ची पायरी अजूनही गाठलेली नाही, हेही लपवू नये. आता हिशेबवाल्यांसमोर जाऊन तीन ग्रॅमची तूट दाखवली आणि तेवढ्यासाठी पैसे मागितले, तर त्या मागणीला वजन असतं. आधीच्या मागणीला नव्हतं.

ताटातलं का उरतं, हे मात्र बैठकीत बसून कळत नाही. मी एका रुग्णालयात काम करत असताना तीन आठवडे दुपारी भांडी घासायच्या ओट्यापाशी वजनकाटा घेऊन उभी राहिले होते. डाळ फार परत येते, म्हणजे रुग्णांना डाळ आवडत नाही, असा माझा पक्का समज होता. तिथे भांडी घासणाऱ्या मावशी दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम, डाळ सगळीकडून नाही येत. वरच्या मजल्याचीच येते, आणि तीही वाटीला हात न लावलेली." पाहिलं तर तसंच. वरच्या मजल्यावर गाडी पोचायची तेव्हा डॉक्टरांची फेरी चालू असायची. ताटं झाकून खाटेशेजारी ठेवली जायची आणि फेरी संपेपर्यंत डाळ गार होऊन वर साय धरायची. पाककृतीत काहीही बदलायची गरज नव्हती. गाडी खालून वर जायची, ती आधी वर नेऊन मग खाली आणली आणि वाट्या परत यायच्या थांबल्या. हे मावशींना कितीतरी महिने माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

उष्टं वाचता येतं, फक्त ते कसं वाचायचं हे माहीत हवं. एखादा पदार्थ सगळीकडून सारख्या प्रमाणात अर्धा उरून येत असेल तर वाढ मोठी आहे, चवीला दोष देऊ नका. एकच घास खाऊन सोडलेला असेल तर मीठ, करपलेपणा किंवा कच्चेपणा तपासा. हातच लावलेला नसेल तर तो त्या माणसापर्यंत पोचलेलाच नाही. वेळ चुकली असेल, गार झाला असेल, किंवा हाताला सलाईन लावलेल्या रुग्णाला झाकण उघडता आलं नसेल. एकाच वाराला उरत असेल तर त्या दिवशीचा आचारी किंवा त्या दिवशीचा माल पाहा. शाळेत तर आधी घड्याळ पाहावं. रांगेत उभं राहण्यात सुट्टी संपली आणि बसून खायला दहा मिनिटं उरली, तर मूल आधी आवडीचं खातं आणि भाजी टाकून पळतं. जेवणानंतर लगेच खेळाची सुट्टी असली की तेच होतं. खेळ आधी आणि जेवण नंतर ठेवलं की ताटात कमी उरतं, असा अनुभव बऱ्याच शाळांना आला आहे. त्या भाजीवर आपण मसाले बदलून किती पैसे घालवतो!

या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: खाल्लेलंच मोजायचं ठरलं तर सगळे आवडीच्या मागे लागतील, तळलेलं आणि गोड वाढतील, आणि ताटं चकाचक परत येतील. ही भीती पोकळ नाही. ब्रिटनमध्ये 1980 च्या कायद्याने शाळेच्या जेवणावरचे पोषणाचे निकष काढून टाकले आणि मुलांपुढे निवड ठेवली गेली. तळलेले बटाटे आणि गोड पदार्थ पुढे आले, आणि निकष परत आणायला इंग्लंडला दोन दशकं लागली. म्हणूनच पोषणाचा तक्ता फाडा, असं मी म्हणत नाही. मीठ, साखर, तेल यांची वरची मर्यादा आणि प्रथिनं, भाज्या यांची खालची मर्यादा राहिलीच पाहिजे. माझं म्हणणं इतकंच की त्या मर्यादेत बसणाऱ्या दोन ताटांपैकी कोणतं निवडायचं, हे परत आलेल्या ताटांवरून ठरवा. आज ते फक्त कच्च्या मालाच्या दरावरून ठरतं.

भाज्यांच्या बाबतीत मी आणखी एक पाऊल मागे घेते. नवा पदार्थ मुलं पहिल्याच वेळी स्वीकारत नाहीत. आठ-दहा वेळा समोर आल्यावर कुठे जीभ ओळख धरते. तेव्हा पहिल्या आठवड्याचं उष्टं पाहून पालेभाजी यादीतून काढणं हा उतावळेपणा ठरेल. पण ओळख व्हायला मोठा डाव लागत नाही, दोन चमचे पुरतात. बाकीचे पैसे त्या मधल्या काळात ज्या पदार्थाची ताटं रिकामी परत येतात तिकडे वळवा. रोज भाजी वाढलीच पाहिजे, हा हट्टही जरा तपासून पाहावा. अ जीवनसत्त्व यकृतात साठतं. गाजर किंवा पालेभाजी आठवड्यातून दोनतीनदा नीट शिजवून, थोड्या तेलासकट खाल्ली गेली तर ती रोज चमचाभर वाढून टाकून दिलेल्या भाजीपेक्षा उपयोगी पडते. ऊर्जा आणि प्रथिनं मात्र रोजची रोज लागतात, त्यांचा हिशेब आठवड्याच्या सरासरीत लपवता येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो, कारण तो मी स्वतः घडताना पाहिला आहे. ताटात उरतं म्हणून वाढ कमी केली, की वाचलेला पैसा कुठे जातो? दह्यात जात नाही. तो ठेकेदाराच्या खिशात जातो किंवा पुढच्या वर्षीच्या दरातून कापला जातो. आमच्याकडे भाताचा डाव लहान झाला आणि सहा महिन्यांनी दर ताटामागचा खर्चही तेवढाच खाली आणला गेला. प्रथिनांसाठी मागितलेलं दही आलंच नाही. त्यामुळे वाढ कमी करण्याची कुठलीही सूचना दोन अटींशिवाय मान्य करू नये, असं मी आता स्पष्ट सांगते. पहिली, वाचलेला पैसा त्याच ताटात दुसऱ्या पदार्थाच्या रूपाने परत आला पाहिजे आणि ते आधी लेखी ठरलं पाहिजे. दुसरी, मागेल त्याला दुसऱ्यांदा वाढलं गेलं पाहिजे. सरासरी रुग्णाला 70 ग्रॅम तांदूळ पुरतो. पण शस्त्रक्रियेनंतर भूक परतलेल्या तरुणाला तो पुरणार नाही, आणि सरासरीच्या नावाखाली त्याला उपाशी ठेवणं हा गुन्हाच आहे.

शाळेत ही दुसरी अट आणखी कडक लागते, कारण तिथे काही मुलांचं ते दिवसातलं एकमेव धड जेवण असतं. 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात डॉ. राल्फ क्राउली यांनी चाळीस गरीब मुलांना शाळेत जेवण देऊन त्यांची वजनं नोंदवली. वजनं चढत गेली, मधे सुट्टी आली तेव्हा घसरली, आणि जेवण सुरू होताच पुन्हा चढली. मला या प्रयोगातली एक गोष्ट आज हरवलेली वाटते. क्राउलींनी स्वयंपाकघरातून किती अन्न बाहेर पडलं एवढ्यावर समाधान मानलं नाही. मूल काट्यावर उभं केलं. आपण शंभर वर्षांनंतर तांदळाचं पोतं काट्यावर ठेवतो आणि तिथेच थांबतो.

मोजायला माणसं कुठून आणायची, असं विचारलं जाईल. रोज मोजायची गरजच नाही. दर तीन महिन्यांनी, सलग तीन दिवस, प्रत्येक विभागातली वीस-पंचवीस ताटं पाहिली तरी चित्र स्पष्ट होतं. वजनकाटाही लागत नाही: प्रत्येक पदार्थापुढे काहीच उरलं नाही, पाव, अर्धं, पाऊण, सगळं, अशा पाच खुणांपैकी एक करायची. दोन माणसांनी वेगवेगळं पाहून खुणा जुळतात का, हे पहिल्या दिवशी तपासायचं. सराव नसताना पाव आणि अर्धं यांत गल्लत होतेच. हाडं, साली, बिया उष्ट्यात धरायच्या नाहीत, नाहीतर ज्या दिवशी केळं असेल त्या दिवशी उगाच आकडा फुगतो. आणि हे दिवस आधी जाहीर करायचे नाहीत. जाहीर केले की त्या तीन दिवसांत डाळ अचानक घट्ट होते.

निविदांमध्ये आजही एवढंच लिहिलेलं असतं: दर व्यक्ती इतके ग्रॅम तांदूळ, इतके ग्रॅम डाळ, इतके मिलिलिटर दूध. तपासायला येणारा अधिकारी कोठीतली पोती मोजतो, भांड्यातली डाळ चमच्याने ढवळून पाहतो, नोंदवहीत सही करतो आणि जातो. माझी मागणी त्या नोंदवहीत आणखी एका रकान्याची आहे: किती परत आलं, कुठल्या विभागातून, हात लावलेलं की न लावलेलं. तो रकाना भरायला अधिकाऱ्याने कोठीकडे जाऊ नये, जेवणाच्या सुट्टीनंतर अर्ध्या तासाने भांडी घासायच्या ओट्याशी यावं. तिथे ज्या मावशी उभ्या असतील त्यांना बसायला स्टूल द्यावं आणि आधी त्यांचं ऐकून घ्यावं.